विरलेले आकडे

गेम बनवणाऱ्या ऑफिसात त्याला सगळे आकडेशेठ म्हणत. गेममध्ये राक्षसाला फटका बसला की डोक्यावर उडणारा नुकसानीचा आकडा, एवढाच त्याचा संसार. आकडा झपकन उसळायचा, मग मंदावत डावी-उजवीकडे वाटेल तिकडे भरकटायचा आणि विरून जायचा. दर फटक्याला नवा आकडा घडवला तर गेम अडखळतो, म्हणून त्याने तीसच घडवून रांगेत ठेवले होते. विरलेला रांगेच्या शेवटी जायचा आणि पाळी आली की पुन्हा पडद्यावर यायचा.

आज गेम विकत घ्यायला आलेले पाहुणे स्वतः खेळायला बसले. त्यांनी बटणं अशी बडवली की थोड्याच वेळात आकडे दिसेनासे झाले. राक्षस मार खात होता, डोक्यावर मात्र काहीच नाही.

"शेठ, दुकान बंद केलंत?" शेजारची चित्रकार कुजबुजली.

त्याने घाईघाईने कोड उघडला. विरलेला आकडा रांगेतून परत काढताना त्याला पुन्हा दिसता करायचं राहूनच गेलं होतं! तपासताना हा भित्रा चारच फटके मारायचा, त्यामुळे जुन्या आकड्याची पाळी कधी आलीच नव्हती.

"कुणाचं काम हे?" टीमच्या प्रमुख ताईंनी विचारलं.

"माझं, ताई. एक ओळ राहिलीये."

"मग लिही. इथेच, यांच्यासमोर."

पाहुणे मागे उभे राहून बघत होते, आणि ती एक ओळ त्याने तीनदा चुकवली.