खालच्या दोन ओळी

सरकारी कचेरीच्या जिन्याखाली टेबल मांडून बसणाऱ्या बाईला सगळे अर्जवाली मावशी म्हणत. ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडील उत्पन्नाचा दाखला सादर करावा’ हे ती साहेबाचा नाकातला आवाज काढून वाचायची आणि त्या अर्जाच्या माहितीसाठी बनवलेल्या आपल्या पानावर सोप्या भाषेत लिहायची, ‘उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून आणा.’ पानावर वर तिचं नाव आणि तळाशी दोन ओळी ठरलेल्या: माहिती कुठल्या शासन निर्णयातून घेतली आणि शेवटची कधी तपासली. नियम बदलला की नवं पान.

पानांच्या प्रती काढून विकायचं काम शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्याला ती सख्ख्या भावासारखं मानायची.

त्या दिवशी विधवा पेन्शनच्या अर्जाची शेवटची तारीख होती. एक बाई खिडकीवरून रडवेली परतली.

“मावशी, दाखला जुना म्हणून अर्ज घेत नाहीत! तुमच्या पानात तर गेल्या वर्षीचा चालेल असं लिहिलंय.”

“अगं, ते पान मी कधीच बदललंय. तळाशी तारीख नाही का बघितलीस?”

तळाशी काहीच नव्हतं. मावशी पान घेऊन तरातरा दुकानात गेली.

“भाऊ, तारीख कुठं गेली?”

“तळाची पट्टी कापून टाकली,” तो मशीनवरून मान न उचलता म्हणाला. “तारखेनं माल शिळा दिसतो, ताई. जुन्या पानाच्या उरलेल्या प्रती काय रद्दीत घालू?”

“आणि माझं नाव?”

“ते कसं काढीन? त्याच्यावरच तर खपतात.”

मावशी मागं वळली. दारात ती बाई उभी होती. ती झेरॉक्सवाल्याकडे नाही, मावशीकडे बघत होती.