साडेपाचांवर जन्मलेल्या मुलीचा प्लूटो

ज्याच्या उदयापासून आपला दिवस मोजला जातो आणि ज्याच्या आधाराने क्षितिजावरचा लग्नबिंदू सापडतो, त्या सवितानारायणाला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज रथसप्तमी. गॅलरीत गोवऱ्यांवर दूध उतू घालून झाले, अर्घ्य झाले, आणि वर्तमानपत्र उघडताच त्यातून एक रंगीत पत्रक मांडीवर पडले. कर्वेनगरातल्या एका सभागृहात ‘प्लूटोदोष-निवारण शिबिर’ असून येताना जन्मतारीख आणावी, असे त्यावर छापले होते. जन्मवेळ आणावी असे कोठेही नव्हते. पत्रकावरचे छायाचित्र मी ओळखले. या सद्गृहस्थांची आणि माझी एकदा गाठ पडली होती. आजच्या दिवशी ती आठवण लिहून ठेवावी, असे मनात आले.

प्रथम माझी भूमिका सांगतो. पाठशाळेत मला नऊ ग्रह शिकवले गेले. नेपच्यून आणि प्लूटो त्यांत नाहीत. ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पुढे अनुभवाने मी या दोघांना पत्रिकेत जागा दिली, पण पाहुण्यांना देतात तशी. त्यांना दशा नाही, कोणत्याही राशीचे स्वामित्व नाही. कारण उघड आहे. नेपच्यून एका राशीत सुमारे चौदा वर्षे बसून राहतो. प्लूटो कधी बारा, कधी तीस. तेवढ्या काळात जन्मलेल्या सर्वांच्या पत्रिकेत तो त्याच राशीत असतो. ती राशी एका पिढीची होय, एका माणसाची नव्हे. माणसाचे होते ते स्थान. कारण स्थाने लग्नापासून, म्हणजे जन्मसमयी क्षितिजावर उगवणाऱ्या राशीपासून, मोजतात आणि लग्नराशी दर दोन तासांच्या आसपास पालटते. तोच प्लूटो सकाळी जन्मलेल्याच्या विवाहस्थानी असतो आणि दुपारी जन्मलेल्याच्या बंधुस्थानी. शिवाय चंद्र, सूर्य किंवा लग्नबिंदू यांच्या काही थोड्या अंशांत तो आला, तर त्या माणसाशी त्याचा थेट संबंध जडतो. यापलीकडे या दोघांना बोलावयास लावू नये, एवढेच माझे म्हणणे.

हे सारे ज्यांना ठाऊक नव्हते, ते पत्रकावरचे सद्गृहस्थ आमची गाठ पडली त्या वेळी पुण्यात फार प्रसिद्ध होते. खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहमालिकेतून खाली उतरवून थोडाच काळ लोटला होता. त्याची पदावनती झाली आणि इकडे आमच्या शहरात त्याची पदोन्नती.

शनिवार पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ शाळेत माझे विद्यार्थी होते. संस्कृत त्यांना कधी आले नाही, परंतु मला गुरुजी म्हणण्याची सवय राहिली. त्यांच्या मुलीचा विवाह कर्वेनगरातल्या एका मुलाशी ठरत आला होता. दोघे चार-पाच वेळा भेटली होती, मुलीला मुलगा आवडला होता. अशात मुलाच्या आईने मुलीची पत्रिका त्या सद्गृहस्थांना दाखवली आणि त्यांनी तिच्यात ‘विवाहभंजक प्लूटो’ शोधला. स्थळ मोडले असते तर तेवढ्यावर भागले असते. परंतु हा शब्द ओळखीपाळखीत फिरू लागला, तर पुढे दुसरे कोणी तिची पत्रिका हातात धरणार नव्हते. मुलीचे वडील वर आले आणि उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, “गुरुजी, रविवारी कर्वेनगरात त्या ज्योतिषांकडे बैठक आहे. आपण या. मला त्यातलं काही कळत नाही.” संस्कृतच्या परीक्षेच्या दिवशीही त्यांचा चेहरा असाच असे.

बैठकीची खोली एखाद्या दवाखान्यासारखी होती. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर मुलीची पत्रिका. एका बाजूस मुलगा, त्याचे वडील आणि आई. दुसऱ्या बाजूस आम्ही. मुलगी आईवडिलांच्या मधोमध ताठ बसली होती. सद्गृहस्थांनी माझ्याकडे पाहून “आपण पारंपरिक का?” असे विचारले. मी मान हलवली. त्यांनी मला माफ केल्यासारखे हसून सुरुवात केली.

तूळ ही विवाहाची रास, तीत प्लूटो. प्लूटो म्हणजे संपूर्ण विध्वंस आणि पुनर्निर्मिती. धनू ही धर्माची रास, तीत नेपच्यून. म्हणजे श्रद्धेचा गोंधळ. अशी मुलगी ज्या घरात जाईल ते घर उलटेपालटे होईल. हे त्यांनी इतक्या संथ आणि गोड आवाजात सांगितले की मुलाच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

मी विचारले, “मुलाचा प्लूटो कोणत्या राशीत आहे?”

त्यांनी पडदा बदलला. मुलगा मुलीहून दोन वर्षांनी मोठा. प्लूटो तुळेत, नेपच्यून धनूत.

“कर्वेनगरच्या कॉलेजांत आज शिकणारी बहुतेक मुलं याच योगावर जन्मलेली आहेत,” मी म्हणालो. “आपलं भाकीत खरं असेल तर मंगल कार्यालयांना आधी कळवायला हवं. लोक आगाऊ पैसे भरून बसले असतील.”

मुलाचे वडील खोकले. ते हसू होते, असे मला वाटते. पण पत्नीकडे पाहून त्यांनी त्याचा खोकला केला.

सद्गृहस्थ मात्र अगदीच कोरे नव्हते. ते म्हणाले, राशी सोडा, स्थान पाहा. पहाटे साडेपाचचा जन्म, मेष लग्न, म्हणून तूळ सप्तमात येते. प्लूटो थेट विवाहस्थानी. आता हे पिढीचे नाही, या मुलीचे स्वतःचे आहे.

हा मुद्दा बरोबर होता आणि मी तसे म्हणालो. सप्तमातला प्लूटो जोडीदाराशी सत्तेची ओढाताण दाखवतो, विध्वंस नव्हे. परंतु तो आहे म्हटल्यावर त्याला व्यक्तिगत मानलेच पाहिजे. फक्त एवढ्या मोठ्या निर्णयाचा सगळा भार ज्या एका वेळेवर उभा आहे, ती वेळ आली कोठून, हे मला हवे होते. मी मुलीच्या आईकडे वळलो.

ती माउली घाबरूनच बोलली. “आमचे मामंजी सांगायचे, गुरुजी. पूजेला बसले की कौतुकानं म्हणायचे, नात माझी साडेपाचांवर जन्मली. तेच मी लिहून दिलं.”

“साडेपाचला, की साडेपाचांवर?”

“साडेपाचांवर. तसंच म्हणायचे ते.”

सद्गृहस्थ म्हणाले, “दोन्ही एकच.”

एक नव्हे. घड्याळाची वेळ सांगताना मराठी माणूस ‘साडेपाचला’ म्हणतो. ‘साडेपाचांवर’ हे अनेकवचन आणि हा ‘वर’ घड्याळाचा नाही. तो घटकांचा आहे. सूर्योदयापासून साडेपाच घटका झाल्यावर, असे ते आजोबा सांगत होते. त्यांनी उभ्या जन्मात सूर्योदयाखेरीज दुसऱ्या कशापासून वेळ मोजली नव्हती. घटका चोवीस मिनिटांची. साडेपाच घटका म्हणजे दोन तास बारा मिनिटे. जन्म मेच्या मध्यातला, सूर्योदय सहाच्या सुमाराचा. म्हणजे मुलगी सव्वाआठच्या सुमारास जन्मली. मी आईला विचारले, तेव्हा उजाडले होते का. ती म्हणाली, उजाडले काय, खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येत होते म्हणून नर्सने पडदा ओढला होता. हे तिला चोवीस वर्षे ठाऊक होते. तिला कोणी विचारले नव्हते. लग्न ठरवावयास इतके लोक जमले होते आणि लग्न कोणी तपासले नव्हते.

सद्गृहस्थांनी निमूटपणे वेळ बदलली. पडद्यावरची पत्रिका फिरली. सूर्य मेषेच्या शेवटच्या अंशांवर होता तसाच राहिला, प्लूटो तुळेत राहिला, नेपच्यून धनूत राहिला. एकही ग्रह हलला नाही. फक्त लग्न मेषेवरून मिथुनेच्या आरंभी आले आणि सगळ्यांची घरे बदलली. प्लूटो पंचमात, म्हणजे बुद्धीच्या स्थानी, गेला. नेपच्यून सप्तमात आला, तोही सप्तमबिंदूपासून पाच अंशांच्या आत.

क्षणाचाही विलंब न लावता सद्गृहस्थ उद्गारले की हा तर दैवी योग. आत्म्याचा जोडीदार, स्वप्नातला विवाह. दोन मिनिटांपूर्वी त्याच मुलीचे त्यांनी काय केले होते, याची त्यांच्या मुद्रेवर खूणही नव्हती. मुलाची आई डोळे पुसून लाडू मागवावयास निघाली.

मला तेथे गप्प बसता आले असते. स्थळ जुळले असते, आणि सर्वांनी माझे आभार मानले असते. परंतु चुकीचे भय काढून चुकीचा आनंद द्यावयास मी कर्वेनगरात गेलो नव्हतो. मी मुलीला सांगितले, “बाळ, सप्तमातला नेपच्यून म्हणजे बक्षीस नव्हे. तो समोरच्या माणसाभोवती धुकं धरतो. जे दिसत नाही ते आपण आपल्या मनानं भरून काढतो आणि तेच त्याचं रूप समजतो. तुझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींचा नेपच्यून धनूतच आहे. पण तो त्यांच्या जोडीदाराच्या घरात नाही, तुझ्या आहे. म्हणून तू इतरांपेक्षा जास्त विचारायचं. स्पष्ट, आणि समोरासमोर.”

मग मुलाचीही पत्रिका पुन्हा लावावयास सांगितली. त्याचे लग्न कर्क. तोच तुळेतला प्लूटो त्याच्या चतुर्थात, म्हणजे घराच्या आणि मातेच्या स्थानी. घरातली सत्ता कोणाकडे आहे आणि ती किती घट्ट धरली आहे, हे तेथे वाचावे लागते. ही पत्रिका सद्गृहस्थांकडे कधीपासून होती. तिकडे कोणी बोट दाखवले नव्हते, कारण सल्ला विचारणारी व्यक्तीच त्या स्थानी बसली होती. मी एवढेच म्हणालो की तपासणी दोन्हीकडची व्हावी. मुलाच्या आईने लाडवांचा विचार सोडला.

मुलगी मुलाकडे वळली. तिचा पंचमातला प्लूटो मला तेव्हा दिसला. हातात घेतलेली गोष्ट तळापर्यंत नेल्यावाचून न सोडणारी ती नजर होती.

“माझ्या पत्रिकेबद्दल हे सगळं बोललं गेलं, ते तुला कधी कळलं?”

“तीन आठवडे झाले,” मुलगा म्हणाला.

“मध्ये आपण दोनदा भेटलो. तू काही बोलला नाहीस. तुला स्वतःला काय वाटतं?”

मुलाने तोंड उघडले आणि मग आईकडे पाहिले. फार वेळ नव्हे. परंतु पाहिले.

मुलगी उठली, मुलाच्या आईवडिलांना नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाली, “आपण दुसरं स्थळ पाहावं.” सद्गृहस्थ उपाय सुचवू लागले. तिने त्यांनाही नमस्कार केला; तो मात्र दुरून.

परतताना रिक्षात तिची आई मुसमुसत होती. वडील रस्त्याकडे पाहत होते. मुलगी माझ्या बाजूला बसली होती. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही म्हणालात धुकं असेल. मला तर आज अगदी स्वच्छ दिसलं.”

“विचारलंस म्हणून दिसलं,” मी म्हणालो.

‘विवाहभंजक’ हा शब्द पुढे फिरला नाही. फिरवणाऱ्यांच्या स्वतःच्या घरची पत्रिका त्या दिवशी पडद्यावर लागली होती, म्हणून असेल. आजचे ते पत्रक मी घडी करून उतू गेलेल्या दुधाच्या भांड्याखाली ठेवले आहे; तेवढा उपयोग त्याचा निश्चित आहे.

वाचकहो, आपल्या घरी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची वेळ कोणीतरी प्रेमाने पाहो आणि ती जशी सांगितली तशीच कोणीतरी ऐको. आपल्या सप्तमातले धुके प्रश्नाने विरो, चतुर्थातली मूठ मायेने सैल होवो, आणि आपल्या घरावर, मुलाबाळांवर व वडीलधाऱ्यांवर सूर्यनारायणाचे ऊन रोज सरळ पडो. शुभं भवतु.