एक सेंटचं मशीन

मर्ल, तुझ्या क्लाइवच्या थडग्यावर अजून नुसती लाकडी खुंटी आहे. पर्थला लेकीकडे बसून तुला ती दिसत नाही. मला दर रविवारी दिसते.

असं पत्र मर्लची मैत्रीण युना मनात सुरू करते आणि तिथेच सोडून देते.

नवरा, क्लाइव, होता तोवर मर्लने जुगाराला हात लावला नव्हता. इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभा जन्म गेला बाईचा. तो गेल्यावर ती दर गुरुवारी क्लबात जेवायला जाऊ लागली. तिथे बक्षीस म्हणून मटण देणारी सोडत असायची; तिचा आकडा पुकारेपर्यंत वेळ जाईना, म्हणून जुगाराच्या मशीनसमोर बसली. बँकेत तीन हजार डॉलर होते, क्लाइवच्या थडग्यावरच्या दगडासाठी.

एका गुरुवारी युना तिला हुडकत आत गेली.

"किती घालवलेस?"

"एक सेंटचं आहे गं. लिहिलंय बघ वर. कॉफीएवढंही जात नाही."

युनाने चष्मा लावला. "खालच्या रांगेत पन्नास ओळींचं बटण पेटलंय. आणि तू दाबतेस ते वरच्या रांगेतलं पाचाचं."

"ते हाताखाली येतं. दाबलं की फिरतं."

"फिरतं, पण दर ओळीला पाचपट लावून फिरतं. पन्नास ओळी, दर ओळीला पाच सेंट. अडीचशे. एका दाबाला अडीच डॉलर, बाई."

"बाईंचा गणिताचा तास सुरू झाला," मर्ल म्हणाली. "आत्ताच गाणं वाजलं ते ऐकलंस? शंभर मिळाले."

"शंभर सेंट. म्हणजे एक डॉलर. अडीच गेले, एक आला, वर गाणं फुकट."

मर्लचा हात थांबला. मग हट्टाने तिने एक ओळ, एकपट असं बटण लावलं. सेंटभराचा खेळ. थोड्याच वेळात पडद्यावर सगळ्यात वरच्या ओळीत चार घोडे शेजारी शेजारी उभे राहिले. मशीन गप्प.

"बघ. चार घोडे आले आणि फुटकी कवडी नाही."

"तू मधली ओळ घेतलीस. ती वरची तुझी नव्हतीच."

"म्हणजे सगळ्या घेतल्या असत्या तर मिळाले असते."

"मर्ल, सगळ्या घेऊनच तर—"

तिने पुन्हा पन्नास ओळी लावल्या. बोट पाचावर गेलं. युनाने मनगट धरलं.

"दगडाचे किती राहिले?"

"खुंटीचे पैसे लागत नाहीत, नाही का?" ती म्हणाली. मग हळूच, "थोडे आहेत. लहान दगड येईल. करडा. क्लाइवला चकाकणारं आवडायचं नाही."

"उद्या जाऊ या दगडवाल्याकडे. आधी ठरवून टाकू."

"दहाला गाडी काढ."

शुक्रवारी दहाला युना मर्लच्या फाटकाशी गाडी लावून बसली. भोंगा वाजवला. पडदा जरासा हलला, दार उघडलं नाही. क्लब दहालाच उघडतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून निदान मर्ल घरात आहे एवढ्यावर तिने समाधान मानलं. पुढच्या महिन्यात लेक येऊन मर्लला घेऊन गेली.

दगडवाल्याकडे कुणी गेलं नाही.