दोन नव्वद

माझ्या सासूबाई लिहिताना पेन हवेत धरतात. पाहणाऱ्याला वाटावं, बाई आता चित्रच काढणार. प्रत्यक्षात त्या फ्रेंच बिलांचं इंग्रजी करतात. गेली एकतीस वर्षं करतात, आणि त्यातली सहा वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून तेच करते. अक्षरी रक्कम आली की त्यांचं पेन कागदापासून दोन बोटं वर थांबतं. शब्दाचा शेवटचा तुकडा वाचून होईपर्यंत ते खाली येत नाही.

त्याला कारण आहे. फ्रान्समधला माणूस नव्वद म्हणताना 'कात्र-व्हँ-दीस' म्हणतो, म्हणजे चार विसा दहा. चौऱ्याण्णव म्हणजे चार विसा चौदा. चार विसा म्हणजे ऐंशी, म्हणून उतावळा हात लगेच आठाचा आकडा लिहून मोकळा होतो, मागून चौदा येतात आणि चौऱ्याण्णवाचे चौऱ्याऐंशी होऊन बसतात. सत्तरचीही तीच गत. त्याला स्वतःचं नावच नाही, तो साठ-दहा. पंच्याहत्तर म्हणजे साठ-पंधरा. सासूबाई नोकरीला लागल्या त्या पहिल्याच महिन्यात एका जहाज कंपनीच्या दरपत्रकात त्यांनी असे चौऱ्याऐंशी लिहिले होते. पगार कापला गेला तो त्यांचा नाही, तपासणाऱ्या हेडक्लार्कचा. "ते मला एक शब्द बोलले नाहीत गं," त्या सांगतात. "बोलले असते तर बरं झालं असतं." तेव्हापासून पेन हवेत.

खरं तर त्यांना ही विसांची भाषा जड जायला नको होती. त्यांच्या आई अंडी विकायच्या आणि हिशेब सगळा विसांवर. नव्वद अंडी म्हणजे चार विसा न् दहा. फ्रेंचच्या पहिल्या तासाला बाकीची मुलं डोकं धरून बसली होती आणि सासूबाई हसत होत्या. मास्तरांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या घरी असंच मोजतात." मला हे लग्नानंतर आठवडाभरात कळलं, आणि त्यानंतर किमान पन्नास वेळा कळलं आहे.

आमचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. दोन टेबलं, एक कपाट, सासूबाईंचा शिक्का ठेवायचा पत्र्याचा डबा. समोरच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज दुपारी दोनच्या सुमारास लांबून आल्यासारखा येतो. पडदा फुगतो, खाली बसतो. त्या वेळी सासूबाईंचे डोळे अर्धे मिटलेले असतात आणि ओठ हलत असतात. त्या झोपल्यात की काम करतायत हे मला सहा वर्षांत ओळखता आलेलं नाही. मध्येच म्हणतील, "काल स्वप्नात एका रस्त्याने जात होते. घरांना नंबर. एकोणसत्तरपर्यंत नीट. पुढच्या दारावर लिहिलेलं, साठ आणि दहा. आत डोकावले तर साठ माणसं घरची आणि दहा पाहुणी, सगळी जेवायची थांबलेली." मी विचारते, "मग?" त्या म्हणतात, "मग काय, पलीकडच्या गल्लीत गेले. तिथे सत्तरला स्वतःचं घर आहे."

पलीकडची गल्ली म्हणजे बेल्जियम. तिथे आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला 'सेप्तांत' म्हणतात आणि नव्वदला 'नोनांत'. सरळ, सुटसुटीत. ऐंशीला मात्र बेल्जियमवाले पुन्हा चार विसाच म्हणतात. का, ते विचारू नये. मी क्लासमध्ये फ्रान्सची फ्रेंच शिकले, त्यामुळे मला नोनांत पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ते छपाईची चूक समजून नऊशे करायला निघाले होते. सासूबाईंनी माझा हात धरला. शब्दशः धरला, मनगटाला.

खरी गोष्ट बेकरीवालीच्या भट्टीची आहे.

बेकरीवाली आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहते. अठरा वर्षं भाड्याच्या भट्टीवर पाव भाजले आणि पैसे साठवले. महिनाअखेर भट्टीचा मालक भट्टी परत नेणार होता. तिने बेल्जियममधल्या एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याची जुनी, पण धडधाकट भट्टी हेरली होती. म्हातारा धंदा बंद करत होता. त्याचं बिल दोन आठवड्यांपूर्वी आलं, मीच त्याचं इंग्रजी केलं. परदेशी पैसे पाठवायचे तर बँकेला सही-शिक्क्याचं इंग्रजी लागतं. भट्टी अकरा हजार नऊशे पंधरा युरो, तिचे भाग सुटे करून पाठवणीसाठी बांधणं चारशे पंच्याहत्तर, एकूण बारा हजार तीनशे नव्वद. म्हातारा जुन्या वळणाचा, प्रत्येक आकड्याखाली अक्षरी रक्कम लिहिणारा.

त्या दिवशी दुपारी बेकरीवाली धापा टाकत आली. हाताला पीठ तसंच. "वहिनी, त्याने दुसरं बिल पाठवलंय मेलवर. पाचशे कमी केलेत. आजच्या आज पैसे भरले तर. बँकेचा खाते नंबर बदललाय म्हणतो, नवीन खातं उघडलंय. चारला बँक बंद होते. करून देता ना?"

पाचशे युरो वाचतायत म्हणून तिचा चेहरा असा उजळला होता की मी हातातलं काम बाजूला ठेवलं. वीस मिनिटांत पान तयार. अकरा हजार आठशे नव्वद. बेरीज-वजाबाकी करून पाहिली, बरोबर. खाते नंबर दोनदा ताडला, बरोबर. शिक्क्याचा डबा उघडला, शिक्का हातात घेतला.

"वाचन," सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

आमच्याकडे वाचनाशिवाय शिक्का पडत नाही. त्या मूळ फ्रेंच मोठ्याने वाचतात, मी माझ्या इंग्रजीतला आकडा एकेक अंक करून म्हणते. जुळलं की पुढची ओळ. मी म्हटलं, "आई, तिची बँक बंद होईल."

"मग लवकर वाचू."

भट्टीची ओळ जुळली. बांधणीची ओळ आली आणि त्या अडखळल्या. कागदावर साठ-पंधरा होतं. त्यांच्या तोंडातून अर्धा सेप्तांत बाहेर पडला होता. थांबल्या, पुन्हा वाचलं. मी म्हटलं, चार, सात, पाच. जुळलं. शेवटच्या ओळीवर त्या पुन्हा थांबल्या. पडदा फुगला आणि बसला. शिंप्याचं मशीन चालू होतं. मला वाटलं, झालं, लागली डुलकी.

"या माणसाचं पहिलं बिल काढ," त्या म्हणाल्या.

मी चिडले. खोटं कशाला सांगू. बेकरीवाली दारात उभी, घड्याळात सव्वातीन, आणि यांना जुनी फाईल हवी. "आई, नव्वद ते नव्वदच. नोनांत म्हणा नाहीतर चार विसा दहा म्हणा, इंग्रजीत एकच होणार."

"तेच म्हणतेय. इंग्रजीत एकच होणार. काढ."

काढलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्यात चारशे सेप्तांत-पाच, बारा हजार तीनशे नोनांत. सोबतच्या दोन पत्रांतही सत्तर आले की सेप्तांत. दुसऱ्यात साठ-पंधरा आणि चार विसा दहा. कागदावरचं नाव तेच, दुकानाचं चित्र तेच, खाली सही तीच.

"माणूस सत्तर वर्षं एका तऱ्हेने मोजतो," सासूबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत मोजणं बदलत नाही." मग लगेच स्वतःलाच सावरल्या. "पण बदलतंही. समोर परका असला तर तिकडची माणसं कधी फ्रान्सच्या पद्धतीनं लिहितात. नात घरी आली असेल, तिनं टाईप केलं असेल. एवढ्यावर कुणाला चोर म्हणू नये." मग बेकरीवालीकडे वळल्या. "त्याला फोन केलास?"

"मला कुठे येतं काकू फ्रेंच. सगळं मेलवरच."

"पहिल्या बिलावरचा फोन नंबर सांग गं," त्या मला म्हणाल्या. "नव्या कागदावरचा नको."

फोन बराच वेळ वाजला. मग एक खरखरीत, संथ आवाज आला, मागे कुत्रं भुंकत होतं. सासूबाईंनी फोनचा आवाज मोठा केला. त्या सावकाश विचारत होत्या, मी बेकरीवालीला सांगत होते. नवीन बिल? कसलं नवीन बिल? मी एकच पाठवलं. सवलत? सवलत द्यायला मी काय लखपती आहे? खातं तेच, चाळीस वर्षं तेच. भट्टी शेडमध्ये चादर घालून ठेवलीय, बाईंचे पैसे कधी येतायत?

"एकूण किती ते एकदा सांगता का?" सासूबाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याने सांगितलं. शेवटी नोनांत आलं आणि सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी इतका शांत कधी पाहिला नव्हता.

बेकरीवाली खुर्चीवर बसली. तिला समजायला थोडा वेळ लागला. कुणीतरी मधल्या मध्ये त्यांची मेल वाचत होतं, त्याच कागदासारखा कागद करून त्यावर आपला खाते नंबर टाकून बसलं होतं. पाचशेचं आमिष होतं, आजच्या आज भरायची घाई होती. मी पाणी आणून दिलं. पेल्यावर पिठाची बोटं उमटली. "अठरा वर्षं, काकू," ती म्हणाली. सासूबाई उठून तिच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन थोपटत राहिल्या, लहान मुलीला थोपटावं तसा.

मग तिने विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"मला नाही कळलं. तोंडाला कळलं. जिभेला त्या माणसाची सवय झाली होती."

ती गेल्यावर मी शिक्का डब्यात ठेवला. मला सासूबाईंची माफी मागायची होती. त्या पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटून. मी माझं पान उचललं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं. भट्टीची रक्कम, बांधणी, सवलत, एकूण, खाते नंबर, तारीख. त्या पानावर माझी एकही चूक नव्हती.