उजव्या चॅनेलमधला आवाज

त्या फिजिक्सच्या सरांचा हात पोरावर पडताना मी पाहिला नाही. ऐकला मात्र पुरता.

लातूरला एका खाजगी क्लासच्या रेकॉर्डिंग रूममध्ये मी नोकरीला होते. वर्गात मागच्या भिंतीला कॅमेरा, त्याचं तोंड फळ्याकडे, चित्रात नुसता फळा. लेक्चर संपलं की व्हिडिओ माझ्या कॉम्प्युटरवर यायचा. तो ॲपवर चढवायचा आणि त्यातला नुसता आवाज वेगळा काढून छोटी ऑडिओ फाईल करायची, हे माझं काम. खेड्यापाड्यातून आलेल्या पोरांच्या फोनमध्ये जागा नसायची, नेटपॅकही संपलेला असायचा. व्हिडिओ एक जीबीच्या वर जायचा. त्यातलं चित्र टाकून दिलं, आवाज मोनो, म्हणजे एकपदरी, केला आणि बिटरेट खाली आणला, की तेच लेक्चर पंधरा-वीस एमबीत बसायचं. गाण्याची वाट लागली असती, पण माणसाच्या बोलण्याला तेवढं पुरतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या व्हिडिओत आवाजाचे दोन चॅनेल असायचे. डाव्यात सरांच्या कॉलरचा माईक, उजव्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा. उजव्यात पंख्याची घरघर आणि बाकांचा खडखडाट, म्हणून तो मी टाकून द्यायचे. व्हिडिओलाही डावाच आणि ऑडिओ फाईललाही डावाच.

या ऑडिओ फाईलींसाठी दारात सगळ्यात आधी यायचा तो लोह्याकडचा, नीटची परीक्षा पुन्हा देणारा एक रिपीटर पोरगा. एकोणीसचा असेल. सकाळी एका मेसवर पोळ्या लाटू लागायचा आणि कानात इअरफोन घालून कालचं लेक्चर ऐकायचा. "मॅडम, झाली का फाईल? चालता चालता ऐकून राहिलो मी, लई बरं पडतं," म्हणायचा.

त्या दुपारी फिजिक्सचं लेक्चर आलं. डावा चॅनेल मध्येच गप्प झालेला. आवाजाच्या आलेखाची सरळ रेघ. माईकची बॅटरी गेली असेल, म्हणून मी उजवा उघडला, म्हटलं पंख्यासकट का होईना, पोरांना काहीतरी मिळेल. पडद्यावर फळा तसाच होता, अर्धं गणित लिहिलेलं, पुढे कुणीच नाही. आणि हेडफोनमध्ये सरांचा आवाज, लांबून, पण स्पष्ट.

"माझ्या वर्गात बसून कानात गाणी घालतो?"

"गाणी न्हाईत सर. तुमचंच लेक्चर हाय. कालचं समजलं न्हाई म्हणून..."

मग चापट. नुसती चापट नव्हती ती. इअरफोन कानात असतानाच बसली होती. पोरगा ओरडला, तसं ओरडणं मी जनावराचंही ऐकलं नव्हतं. त्यानंतर बाक कोसळला. मग पाईप. प्लास्टिकचा पाईप हवेत फिरतो तेव्हा आधी एक सूं असं येतं आणि मग अंगावरचा आवाज. सूं, आणि फाट. पुन्हा सूं. कुणीतरी पोरगी रडत म्हणाली, "सर, रक्त येऊन राहिलं." पाईप थांबला नाही. भरल्या वर्गातून एकही बाक सरकला नाही.

मी हेडफोन काढला. तेवढा भाग उजव्या चॅनेलमधून मोनो करून छोट्या फाईलीत काढला आणि फोनवर घेतला. फोनच्या स्पीकरवर नीट वाजते का हे मी प्रत्येक फाईलीचं बघायचेच. ती वाजली.

क्लासमध्ये तोवर बातमी फिरली होती, की पोरगा जिन्यावरून पडला.

थोड्या वेळात डायरेक्टर आणि ते सर, दोघं माझ्या खोलीत आले. डायरेक्टरांनी दार लावलं. "आजचं रेकॉर्डिंग खराब आलंय. उडवून टाका."

"माईक बंद होता, पण कॅमेऱ्यात सगळं आलंय," मी म्हणाले. हे म्हणायला नको होतं.

सरांनी माझी वेणी धरली आणि डोकं टेबलावर आपटलं. कपाळ फुटलं. त्यांनी मॉनिटर उचलून खाली टाकला. काचा माझ्या पायावर उडाल्या. डायरेक्टर तेवढ्यात शांतपणे खाली वाकून कॉम्प्युटरच्या वायरी काढत होते. डबा उचलून घेऊन गेले. कॅमेऱ्यातलं कार्डही नेलं. माझा फोन ओढणीखाली होता. तो मागायचं कुणाला सुचलं नाही.

कपाळाला रुमाल दाबून मी सरकारी दवाखान्यात गेले. पोरगा कुशीवर पडलेला, उजव्या कानात रक्ताने भिजलेला कापसाचा बोळा, पाठीवर पाईपचे वळ एकावर एक. कानाचा पडदा फाटला होता. उशाशी आई आणि मामा.

"बाई, जिना किती उंच हाय तिथला?" आईने मला विचारलं.

मी फोन काढला. आवाज कमी ठेवून फाईल लावली. पोराने चांगल्या कानाने पहिला शब्द ऐकला आणि उशीत तोंड खुपसलं. "बंद करा मॅडम. बंद करा ना."

आई म्हणाली, "न्हाई. मला पुरतं ऐकू दे."

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मामाने फाईल आपल्या फोनवर मागून घेतली. एवढीशी फाईल, दवाखान्यातल्या मरतुकड्या नेटवरही लगेच गेली. मी म्हटलं, "मामा, आधी पोलीस ठाण्यात जाऊ." ते "हाव, जाऊ" म्हणाले. मला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोह्याकडून टेम्पो आला. मी क्लाससमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते, पगार बुडाला तर बुडू दे, माझी कागदपत्रं तरी द्या, असं डायरेक्टरांना म्हणायला आले होते. माणसं उड्या टाकून उतरली. वॉचमन आडवा आला, त्याच्या डोक्यात काठी बसली आणि तो पायरीवरच बसला, जणू दमलाय. रिसेप्शनची काच फुटली. पोरं किंचाळत जिन्याने खाली पळाली. फिजिक्सच्या सरांना कॉलर धरून रस्त्यावर ओढलं. मामाने एका हाताने फोन त्यांच्या कानाला लावला, आवाज पूर्ण सोडला आणि ते दुसऱ्या हाताने मारायला लागले. फोनमधून सूं यायचं तेव्हाच वर काठी पडायची. सरांचा हात कोपरात उलटा वळला. मी तो मोडताना ऐकला. या वेळी समोर बघतही होते.

आई मागून आलेल्या रिक्षातून उतरली ती धावत. भावाच्या आणि सरांच्या मधे घुसली. एक काठी तिच्याच खांद्यावर बसली.

"सोड त्याला! माझं पोरगं उद्या कोण बघणार, तू आत गेल्यावर?"

मामाने सोडलं, पण तोवर पोलिसांची गाडी आली होती.

गुन्हे दोन्हीकडून नोंदले गेले. मामाला आणि चौघांना आत टाकलं. सरांना दवाखान्यातून अटक झाली आणि लवकरच जामीनही मिळाला. मूळ रेकॉर्डिंग कुठे, तर कार्ड फॉरमॅट झालेलं, कॉम्प्युटरचा पत्ता नाही. माझी फाईल मूळ नाही, पुन्हा एन्कोड केलेली, म्हणजे नव्याने बनवलेली आहे, असं त्यांच्या वकिलाने म्हटलं, आणि ते खरंच होतं. मी जबाबात तसंच सांगितलं: काय ठेवलं, काय टाकलं, का टाकलं. केस टिकली ती त्या रडणाऱ्या पोरीमुळे. तिच्या घरचे नको म्हणत असताना ती एकटी ठाण्यात जाऊन बोलली.

पोराच्या कानाचं ऑपरेशन नांदेडला झालं. थोडं ऐकू येतं, पण शिट्टी वाजत राहते म्हणतो. क्लासला तो परत गेला नाही. देगलूरकडे एका मेडिकलच्या दुकानात लागला आणि फार्मसीचा डिप्लोमा करतोय. मीही लातूर सोडलं. आता नांदेडला विष्णुपुरीजवळ राहते, लग्नाचे व्हिडिओ जुळवते.

तारखेला आम्ही सगळे भेटतो. मामा आता बाहेर आहेत. मागच्या वेळी कोर्टाच्या आवारात ते माझ्या शेजारी येऊन बसले. "बाई, ते फोनातलं मी अजून ठेवलंय," म्हणाले. "कधी कधी ऐकतो."

"कशाला, मामा?"

पलीकडे, हाताची घडी न घालता येणारे सर वकिलाशी बोलत उभे होते. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. आई उठली, भावाच्या आणि त्या माणसाच्या मधे जाऊन बसली आणि पदराने वारा घेऊ लागली.