बाराच्या जागी अकरा

कसबा पेठेतल्या शाळेत हेमाबाई बावीस वर्षं गणित शिकवत होत्या, पण त्यांचा आवाज आजच्याइतका कधी चढला नव्हता. डेंग्यूमुळे तनयाची परीक्षा बुडाली होती. तिच्या फेरपरीक्षेचा पेपर अवधूत सरांनी जुन्याच पेपरातले आकडे बदलून काढला होता.

"अहो बाई, त्या वर्गसमीकरणात बाराचे अकरा केले. एवढं काय त्यात?"

"गुणाकार बारा, बेरीज सात, तीन आणि चार. मुलं चटकन अवयव पाडतात. आता गुणाकार अकरा, बेरीज सात, असे दोन पूर्णांक आपणच शोधून दाखवा!"

सर बोटांवर मोजू लागले आणि मधेच थांबले.

"पोर आजारी पडली, सर. गुन्हा नाही केला तिनं."

बाईंनी अकरा खोडून दहा लिहिले आणि उरलेलं एकेक गणित स्वतः सोडवून पाहायला त्या रागारागानंच बसल्या.