दहाची केटली

कारखान्याच्या मागच्या फाटकासमोर वहिनींची चहाची टपरी होती. नवरा असताना ती त्याची होती, तो गेल्यावर वहिनींची झाली. गिऱ्हाईक सगळं तेच राहिलं, नावही तेच राहिलं, म्हणजे नावच नव्हतं. "वहिनींकडे चल" म्हटलं की अख्ख्या कारखान्याला कळायचं.

पहाटे उठून, दुधाचा कॅन उतरवून घेऊन, शेगडी पेटवून वहिनी उभ्या राहायच्या त्या दुपारच्या भोंग्यापर्यंत. दुपारी धाकटा दीर यायचा. वहिनी त्याला भावजी म्हणायच्या आणि तो त्यांना वहिनी. तीनच्या पुढे गवंडी यायचा. हा पगारी माणूस. आधी गवंडीकाम करायचा, परांचीवरून पडून कमरेला मार बसला, तेव्हापासून हातात थापीच्या जागी गाळणी आली, पण नाव काही सुटलं नाही.

तीन माणसं, तीन हात, त्यामुळे चहाही तीन तऱ्हेचा. वहिनींचा कडक, भावजींचा गोड आणि गवंड्याचा दाट. टपरीवरच्या गिऱ्हाइकाला त्याचं काही नव्हतं, ज्याला जो आवडायचा त्या वेळेला तो यायचा. पण कारखान्यात दिवसातून तीनदा केटली जायची, दहाला वहिनींची, एकला भावजींची आणि चारला गवंड्याची. ती पिणारी माणसं तीच आणि चहा मात्र दरवेळी वेगळा. टपरी चालायची ती त्या केटल्यांवर. टपरीवरच्या सुट्या कपांवर चूल पेटली असती, घर नसतं चाललं.

हजेरीमास्तर एके दिवशी स्वतः आला. फाटकातून बाहेर पडायला त्याला कमीपणा वाटायचा, तरी आला.

"वहिनी, वरून मशीन बसवायचं चाललंय. बटण दाबलं की चहा."

"मशीनचा चहा कधी प्यायलात का मास्तर?"

"पिचकवणी असतो. पण रोज तेवढाच पिचकवणी असतो. तुमचा एकदा औषध, एकदा सरबत आणि एकदा बासुंदी."

भावजी मागे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचं अंग आधीच आंबलेलं होतं. पण मास्तर गेल्यावर त्यांनी दोघांना एकत्र बसवलं आणि मापं बांधली. पाण्याची दोन मापं, दुधाची दोन मापं, पावडरीचे आठ चमचे तेही सपाट, साखरेच्या दोन वाट्या, आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा. पाण्याला उकळी आल्यावर आलं आणि पावडर. मग एक टर्रर्र वाजणारं घड्याळ आणलं, ते वाजेपर्यंत पावडर उकळायची, त्याच्या आधी दूध घालायचं नाही. दूध घालायचं ते गरमच. गार दूध ओतलं की उकळी मरते आणि पुन्हा उकळी येईपर्यंत पावडर आत भिजत बसून कडू होते. साखर दुधाच्या बरोबर. दोनदा वर आला की खाली.

दुधाचं भांडण सगळ्यात मोठं झालं. गवंडी संध्याकाळभर दूध मंद आचेवर ठेवायचा, ते आटून दाट व्हायचं आणि मग मापानं घेतलं तरी चहा बासुंदीसारखा लागायचा.

"तुम्ही दूध आटवता, मापाचा काय उपयोग?" भावजी म्हणाले.

"मग काय गार होऊ देऊ?"

शेवटी ठरलं की दूध एकदा उकळायचं, साय काढून झाकायचं, आणि गरम पाण्याच्या परातीत उभं करून ठेवायचं. संध्याकाळसाठी दुपारचं वेगळं दूध घ्यायचं, सकाळचं उरलेलं त्यात मिसळायचं नाही. गवंड्यानं मान हलवली. "सिमेंट-वाळूचं मिश्रण असतं तसंच की हे," एवढंच तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून लाकडी पट्टीनं चमच्यावरची पावडर सपाट करायला लागला.

वहिनींना वाटलं, चला, आता आपण जरा मागे सरू. चव मापात बांधली की हाताची गरज नाही. ही इच्छा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. उजवा खांदा काही महिन्यांपासून आखडला होता. वेणी घालताना हात मागे जायचा नाही, ब्लाउज घालताना डोळ्यांत पाणी यायचं. पण टपरी ज्याच्या हातावर चालते त्याचा हात गेला असं दिसलं, की माणसं टपरीच्या जागेवरच नजर ठेवतात. म्हणून त्या गप्प होत्या.

भरलेलं पातेलं उचलून गाळायचं तर खांदा लागतो. वहिनींनी त्याच्यावर आपला इलाज काढला होता. पातेलं न हलवता पळीनं चहा काढायचा आणि गाळणीतून केटलीत ओतायचा. तळाला जे उरेल ते उरू द्यायचं, त्यावर पुन्हा पाणी, पावडर, साखर आणि दूध. मापं मात्र सगळी बरोबर. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. चोथा टाकायच्या आधी त्यातला जीव काढून घेतला, एवढंच.

मापं लागून बरेच दिवस झाले आणि हजेरीमास्तर पुन्हा आला.

"वहिनी, अजून एक केटली बिघडलेलीच येते. दोन चांगल्या, एक नाही. सोमवारी मशीनवाला जागेचं माप घ्यायला येणार आहे. मी त्याला थांबवू शकतो, पण थांबवून सांगू काय?"

"कुठली केटली?"

"ते मला नक्की नाही सांगता यायचं. आमची माणसं नुसती बोंब मारतात. उद्यापासून मीच तिन्ही चाखतो, म्हणजे कळेल."

तो गेल्यावर वहिनींनी ठरवूनच टाकलं की गवंडी. पगारी माणूस, मालक नसताना कसा वागणार ते काय सांगायला हवं? त्या दिवशी दुपारी घरी न जाता त्या बाकड्यावर पोत्याला टेकून बसून राहिल्या. डोळे मिटत होते, पण नजर ठेवली. गवंड्यानं पट्टी फिरवली, दूध परातीत होतं, घड्याळ वाजलं तेव्हाच दूध घातलं, चहा दोनदा वर आणला. मग पातेलं दोन्ही हातांनी उचललं, गाळून केटली भरली आणि तळाचा चोथा बादलीत झटकून पातेलं विसळलं. वहिनींना एक चूक काढायची होती, ती मिळाली नाही. वैतागून त्या म्हणाल्या, "सारखं विसळायला पाणी फुकट येतं का?"

"भिंत चढवताना जुना माल थापीला राहिला तर नवा धरत नाही," गवंडी म्हणाला. "चहाचंही तसंच असावं."

मग वहिनींचा संशय भावजींवर गेला. त्यांचा हात साखरेला सैल, हे घरातल्या लहानथोरांना माहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तेही बघितलं. वाटी सपाट, चमचा सपाट. भावजींनाही ते कळलं. "पोलीस बसवलाय का माझ्यावर?" ते म्हणाले आणि तिखट हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच सिलेंडर संपत आला म्हणून भावजींना उठवायला निरोप गेला. ते दुसरा सिलेंडर खांद्यावर घेऊन आले तेव्हा साडेनऊ झाले होते. वहिनी पातेल्याकडे वाकून पळीनं केटली भरत होत्या, डाव्या हातानं. उजवा हात त्यांनी पदराखाली पोटाशी धरला होता.

"उचलून गाळा की. दहा वाजले तरी भरायची नाही अशानं," भावजी म्हणाले आणि पुढे होऊन स्वतःच पातेलं उचललं. गाळणीत धार पडली, मग धार अडकली. गाळणी चोथ्यानं भरून गेली. त्यांनी पातेलं तिरकं करून आत बघितलं. तळाला चार बोटं काळा गाळ होता.

"वहिनी, हा चोथा कुणाच्या लग्नातला?"

"सकाळचा आहे. वर नवीन घातलीय ना पावडर. मापानं घातलीय."

"म्हणजे पहाटेची पावडर आत्तापर्यंत उकळतेय. घड्याळ वाजलं तरी ती थांबलीच नाही. मग कडू लागलं की तुम्ही..."

"थोडी साखर टाकते वरून. चव घेऊन टाकते." एवढं बोलून वहिनी थांबल्या. आपल्याच तोंडून बाहेर पडलं ते त्यांना ऐकू आलं. मापं त्यांनी बांधली होती, घड्याळ त्यांनी आणलं होतं. पण पातेलं कधी रिकामंच झालं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला दोन दुपारी पोत्याला टेकून बसल्या आणि आपलं मुसळ चुलीवर उकळत होतं.

"पातेलं का ओतत नाही?"

वहिनींनी पदर पुढे ओढला. भावजींनी त्यांच्या पदराकडे बघितलं.

"हात वर करा बघू."

"करते की, काय त्यात."

हात छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. चेहरा इतका वेडावाकडा झाला की भावजींनी नजर दुसरीकडे वळवली.

दहाची ती केटली भावजींनी गटारात ओतली. वहिनी "अहो, दूध!" म्हणाल्या, पण ते ऐकायला थांबले नाहीत. पातेलं विसळलं, मापं घातली, घड्याळ लावलं. ते वाजायची दोघांनी वाट बघितली. केटली अर्धा तास उशिरा गेली.

दुपारी हजेरीमास्तर फाटकापाशी आला तेव्हा वहिनी ग्लास धूत होत्या, डाव्या हातानं. "आज उशीर झाला, बोलणी खाल्ली मी," तो म्हणाला. "पण चवीचं म्हणाल तर काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे कालच्या चारच्या केटलीसारखी. कुणी बोंबललं नाही. मशीनवाल्याला मी नको म्हणून सांगतो."

वहिनींना वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. बरं वाटलंही, पण बसल्या जागेचा पाट कुणी ओढून घेतल्यासारखंही झालं. इतकी वर्षं लोक म्हणायचे, वहिनींच्या हाताला चव आहे. ती चव आता एका चमच्यात, एका वाटीत आणि एका टर्रर्र करणाऱ्या डब्यात होती, आणि केटली बिघडवत होता तो नेमका त्यांचाच हात.

गवंडी संध्याकाळी आला, तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. त्यानं टोमणा मारला नाही. वहिनींनाच राहवलं नाही.

"बोला की. दोन दिवस तुमच्यावर नजर ठेवून बसले होते."

"मला कळलं होतं," गवंडी म्हणाला. "मुकादमाचं बसणं असंच असतं. उद्यापासून सकाळ मी घेतो. दुपार-संध्याकाळ भावजी बघतील, त्यांना झोपायला सकाळ पुरते."

"मग मी काय करू?"

"डॉक्टरला खांदा दाखवा."

वहिनींनी हात पदराखाली घेतला. "दुधाचा कॅन उतरवून कोण घेईल? तो माणूस हलकं माप देतो, त्याला ओरडावं लागतं."

"ओरडायला खांदा लागत नाही. पहाटे या, ओरडा आणि जा."

भावजी हसले. वहिनीही थोड्या हसल्या, पण थकून.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आल्या. दूधवाल्याला ओरडल्या. बाकड्यावर बसल्या. गवंड्यानं चहा केला, गाळला, चोथा झटकला आणि पहिला कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. वहिनींनी घोट घेतला. चहा बरा होता. कुणाचाच नव्हता आणि कुणाचाही चालला असता.

"साखर कमी आहे का?" गवंड्यानं विचारलं.

"नाही. मापात आहे," वहिनी म्हणाल्या. कप संपवला, डाव्या हातानं बाकड्याचा आधार घेऊन उठल्या आणि डॉक्टरची वेळ विचारायला निघून गेल्या.